तिसरी शिट्टी

आमच्या आई-अण्णांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, 1 जूनला. यात पत्रिका जुळल्याचा चमत्कार वगैरे काही नाही. दोघांना दोन वेगळ्या गावांत दोन वेगळ्या मास्तरांनी शाळेत दाखल करून घेतलं, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे दोन्ही मास्तरांना तीच तारीख सोयीची वाटली. कागदपत्रं पाहिली तर महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी 1 जूनला जन्मली असावी असं वाटतं. आईचा खरा जन्म आषाढातला, लावणी चालू असतानाचा. अण्णांचा कधीचा यावर घरात अजून एकमत नाही. पण सरकारदरबारी दोघं एका तारखेचे, त्यामुळे केकसुद्धा एकच लागतो.

यंदा अण्णांना एक्क्याऐंशी आणि आईला पंचाहत्तर पूर्ण. टोरांटोत असलेल्या सोन्याने, म्हणजे माझ्या पुतण्याने, मे महिन्यातच मला फोन केला.

"काका, यंदा व्हिडिओ कॉल नको. कॉलवर आजोबा फक्त 'जेवलास का' विचारतात आणि आजी फोन कानाला लावते, त्यामुळे मला तीन मिनिटं तिचा कान दिसतो. मी नीट संदेश लिहून, रेकॉर्ड करून पाठवणार. आणि मागे आपल्या घराचे हलके हलके आवाज. तू तेवढे आवाज पाठव."

"कसले आवाज?"

"घराचे रे. मंद, कौटुंबिक."

आमचं घर भिवंडीत आहे. आमच्या खिडकीपासून वीस पावलांवर यंत्रमागाचा कारखाना आहे, दोन पाळ्यांत चालणारा. मंद हा शब्द आमच्या गल्लीत फक्त गॅसच्या बाबतीत वापरतात. पण पोराचं मन मोडवेना, म्हणून मी होकार दिला.

आवाज गोळा करणं हे फुलपाखरं पकडण्यासारखं काम आहे. आईला सांगितलं, की स्वयंपाक करताना जरा रेकॉर्डिंग करतो. ती लगेच पदर सावरून, हात जोडून, ओठ मिटून उभी राहिली. अण्णांना सांगावं तर ते आकाशवाणीचा खणखणीत आवाज काढून स्वतःचं नाव, गाव आणि पेन्शनची रक्कम सांगू लागतात. तेव्हा चोरूनच करायचं ठरलं. पहिल्या दिवशी फोन तांदळाच्या स्टीलच्या डब्यावर ठेवला. घरी येऊन ऐकलं तर प्रत्येक आवाजामागे डबा गुणगुणत होता. दुसऱ्या दिवशी फोनखाली चार पदरी पंचा घातला तेव्हा डबा गप्प बसला. पण फोनला स्वतःचीही अक्कल असते. शांतता असली की तो कान टवकारतो आणि त्या शांततेलाच मोठं करतो, त्यामुळे 'सूंऽऽ' असं काहीतरी ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली की दचकून कान झाकून घेतो, आणि शिट्टीनंतरचे चार-पाच शब्द बुडतात. यावर उपाय एकच, फोन ओट्यापासून लांब, खोलीच्या दाराशी ठेवायचा. तसं करून मी कुकरच्या दोन शिट्ट्या, एक फोडणी, झोपाळ्याची कडी, अण्णांचा अडकित्ता आणि आईची देवघरातली घंटा एवढा ऐवज टोरांटोला पाठवला. या सगळ्याच्या मागे माग होतेच. ते मी पाठवले नाहीत, आपोआप गेले.

इकडे पुतण्याने मजकूर लिहिला होता. पहिला खर्डा 'ती. आजी-आजोबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार' असा सुरू होऊन 'कळावे, लोभ असावा' असा संपत होता. मी म्हटलं, हे पोस्टकार्ड आहे, बोलणं नव्हे. दुसऱ्या खर्ड्यात 'तुम्ही माझ्या आयुष्याचे आधारस्तंभ आहात' असं वाक्य होतं. आमच्याकडे आधारस्तंभ फक्त श्रद्धांजलीत वापरतात, वाढदिवसाला नको म्हटलं. तिसरा बरा होता, पण त्यातलं एकेक वाक्य पानभर लांब. कानासाठी लिहायचं तर एका दमात एक वाक्य संपलं पाहिजे. वयस्कर माणसासाठी सावकाश बोलायचं तर मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द पुरतात, म्हणजे तीन मिनिटांना तीनशे. याने सहाशे लिहिले होते, आणि ते तीन मिनिटांत बसवायला रेल्वेतल्या शेंगदाणेवाल्यासारखा बोलत होता. शिवाय आजीला 'तू' आणि आजोबांना 'तुम्ही' म्हणत असल्यामुळे प्रत्येक वाक्यात क्रियापद कोणाच्या बाजूने वळवावं हा पेच होता. शेवटी 'तुम्ही दोघं' यावर तह झाला.

लिहून आणलेलं बोलण्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला त्याला सांगावं लागलं. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज 1932 च्या नाताळात रेडिओवरून साम्राज्याशी बोलला, ते सगळं भाषण रुडयार्ड किपलिंगने लिहून दिलेलं होतं. हा किपलिंग जन्माने आपल्या मुंबईचाच. राजाचे हात थरथरत आणि कागद फडफडे, म्हणून टेबलावर जाड कापड अंथरलं होतं असं सांगतात. पुतण्याकडे राजवाडा नव्हता. त्याने हिवाळी कोटांच्या कपाटात बसून रेकॉर्डिंग केलं. ही युक्ती मात्र खरीच चांगली. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि माणूस न्हाणीघरातून बोलल्यासारखा वाटतो. जाड कपडे तो परतीचा आवाज गिळतात. आईला हे नंतर कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "कपाटात का लपला होता? भाडं थकलंय का?"

1 जूनचा दिवस उजाडला. केक आला, औक्षण झालं, शेजारचे जमले. मी फोन मध्ये ठेवला आणि सुरू केला.

"आजी-आजोबा, मी बोलतोय!"

"कोण?" अण्णा म्हणाले. त्यांचं 'कोण' संपेपर्यंत पुतण्या दोन वाक्यं पुढे गेला होता. म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, हा सगळ्या संदेशाचा गाभा, 'कोण'खाली गेला. आम्ही परत सुरुवातीपासून लावलं. "आजोबा, कसे आहात?" असं आतून विचारलं गेल्यावर अण्णांनी सविस्तर उत्तर द्यायला घेतलं. गुडघा, साखर, नवीन चष्मा. ते चष्म्यावर आले तेव्हा आत पुतण्या टोरांटोतल्या बर्फावर पोचला होता. अण्णांना राग आला. "हा ऐकून घेत नाही. विचारतो कशाला मग?"

तेवढ्यात फोडणी पडली. पुतण्याने ती मोठ्या हौसेने, एका हळव्या वाक्याच्या मागे घातली होती. आता तेलातली मोहरी, कौलावरचा पाऊस आणि सभागृहातल्या टाळ्या हे तीनही आवाज आतून एकाच जातीचे असतात. सगळ्या पट्ट्यांचे बारीक बारीक कण एकदम सांडले की होणारा 'शूऽऽ'. कुठला कुठला ते आपल्याला डोळ्यांनी कळतं, किंवा नाकाने. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून नुसता 'शूऽऽ' आला आणि आई ताडकन उठली.

"पाऊस! अगं, कुरडया!"

गच्चीवर कुरडया, सांडगे आणि नाचणीचे पापड वाळत होते. आई गुडघे विसरून जिन्याकडे, तिच्यामागे बायको, तिच्यामागे शेजारच्या दोन बायका. वर लख्ख ऊन. तरी आणलंच सगळं खाली, कारण जूनच्या आभाळाचा भरवसा नाही आणि निघालोच आहोत तर आणू. खाली येतात तर कुकरची शिट्टी. मी दोनच शिट्ट्या पाठवल्या होत्या. पुतण्याने त्या उचलून आणखी दोनदा चिकटवल्या होत्या, म्हणजे एकूण सहा.

चौथ्या शिट्टीला आई बायकोला म्हणाली, "गॅस बंद कर." बायको म्हणाली, "गॅस लावलेलाच नाही." पाचव्या शिट्टीला आईने मान कलती करून ऐकलं. "हा आपला कुकर आहे. शेवटी फुस्स करतो बघ, रिंग ढिली झालीय त्याची." सहावी झाली. "वरणाचा गाळ झाला असेल. आणि माझा कुकर टोरांटोत कसा गेला?"

मला सगळं कबूल करावं लागलं.

या गोंधळात अण्णा एकटेच फोन कानाशी धरून मन लावून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला, डोळे पुसले आणि जाहीर केलं, "सोन्या आठवड्यात येतोय."

घरात शांतता. मग एकच कल्ला. आईने आंब्याची पेटी सांगितली. आतल्या खोलीतली गादी गच्चीवर गेली, कारण आता तिथे जागा झाली होती. मी फोन लावून विचारलं तर पुतण्या चक्रावला. "मी असं काहीच म्हणालो नाही! मी म्हणालो, मला तुमची आठवण येते."

वाक्य फोडणीखाली आलं होतं. अण्णांनी चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबरचं काम केलं, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करण्याचं. चालू कारखान्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, किंवा ओठ वाचावे लागतात. अशा आवाजात आयुष्य काढलं की कानातल्या वरच्या पट्टीच्या पेशी आधी जातात, आणि वय त्यात भर घालतं. भारदस्त स्वर ऐकू येतात. स, श, ख, फ, त अशी बारीक व्यंजनं गळतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, 'तू बोलतोस ते ऐकू येतं, पण कळत नाही.' ते बहाणा करत नसतात. फोडणीचा 'शूऽऽ' नेमका याच व्यंजनांच्या वाटेवर सांडतो. 'आठवण येते' मधून कानाला 'आठव' एवढंच लागलं आणि बाकीचं अण्णांच्या मनाने भरून घेतलं. मन काही वाईट ऐकत नाही अशा वेळी.

"तू ऐकलंस तेव्हा तुला नीट ऐकू येत होतं?" मी पुतण्याला विचारलं.

"काका, एकदम स्पष्ट. हेडफोनवर."

इथेच गोम होती. सव्वीस वर्षांचा कान, दोन्ही बाजूंना बंद हेडफोन, रात्रीचं टोरांटो. या परिस्थितीत मागचा आवाज पुढच्या आवाजाच्या अर्धा ठेवला तरी दोन्ही सुटे ऐकू येतात. एक्क्याऐंशी वर्षांच्या कानाला मागचा आवाज निदान वीस डेसिबलने खाली लागतो, म्हणजे ध्वनिलहरीची उंची एक दशांश. महत्त्वाचं वाक्य येताना तर तो आणखी खाली दाबायचा. आणि चाचणी घ्यायची ती अण्णांच्याच फोनवर, पंखा चालू ठेवून. मी म्हटलं, ते काम माझ्याकडे.

आंबे मात्र परत करता आले नाहीत. आम्ही ते खाल्ले.

अण्णांची आणखी एक तक्रार होती. ती त्यांनी रात्री जेवताना काढली. "सगळं ठीक होतं. पण हा बोलत होता तेव्हा माग बंद होते. वीज गेली होती का?"

कोणालाच कळेना. दुसऱ्या दिवशी पुतण्याने खुलासा केला. माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमागची खडखड त्याला घाण वाटली, म्हणून त्याने ती सॉफ्टवेअरने धुऊन काढली होती. पद्धत अशी, की नुसत्या खडखडीचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा दाखवायचा, की हा कचरा. मग सॉफ्टवेअर सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढा भाग वजा करतं. लांबून येणारा पन्नास मागांचा आवाज एकमेकांत मिसळून सलग होतो, त्यामुळे तो बऱ्यापैकी निघतो. पण निघताना शेजारच्याचं थोडं घेऊन जातो. आईची घंटा विहिरीतून वाजल्यासारखी झाली होती ती त्यामुळे.

"मंद कौटुंबिक आवाज पाहिजे होते ना तुला?" मी म्हटलं. "आपल्या घरातला सगळ्यात कौटुंबिक आवाज तू कचऱ्यात टाकलास."

मला यावरून 1980 च्या दशकातलं आमच्या शेजारचं घर आठवलं. कोकणी मुसलमान कुटुंब, थोरला मुलगा कुवेतला. पत्राऐवजी कॅसेट जायची. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. घरचे सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसायचे आणि क्रमाने बोलायचे. आम्हा पोरांनाही दोन वाक्यं मिळायची. मागे कोंबड्या, अजान, बोंबिलवाली आणि अर्थात माग. वेगळं काही मिसळावं लागायचं नाही, आवाज फुकट यायचे. त्या मुलाने उलट निरोप पाठवला होता म्हणे, की अम्मी बोलते ते ठीक, पण तिला सांगा मधे जरा गप्प बस, मला गल्ली ऐकू येत नाही. वर्षभराने त्याच कॅसेटवर कोणीतरी सिनेमाची गाणी भरली आणि अम्मी, कोंबड्या, आम्ही सगळे त्याखाली गाडले गेलो. त्यावर अजून आमच्या गल्लीत दोन भाऊ बोलत नाहीत.

तर दुसरी आवृत्ती आली. बोलणं तेच, फोडणी काढलेली, शिट्ट्या तीन, आणि मागे तळाशी माग घातलेले. या वेळी मी मोठा स्पीकर आणला होता, कारण फोनच्या स्पीकरला खालचे ठोके झेपत नाहीत. अण्णा झोपाळ्यावर बसले. संदेश सुरू झाला. त्यांचा चेहरा खुलला, पाय तालावर हलू लागला. मग पाय थांबला. कपाळावर आठी आली. त्यांनी बोट वर केलं, थांबले, पुन्हा बोट वर केलं.

"पिकर घासलाय."

"कोणाचा?"

"या मागाचा. दर नऊ ठोक्यांनी अडखळतो. ऐक. ऐक. हा बघ. धोटा नीट फेकला जात नाहीये. आज ना उद्या उडून कोणाच्या तरी डोक्यात बसेल. त्याला सांग, माग बंद कर."

माग टोरांटोत होता आणि मुळात नव्हता. पुतण्याकडे निव्वळ मागांचा आवाज काही सेकंदांचाच होता, खिडकीशी फोन धरून मी नंतर गंमत म्हणून पाठवलेला. तोच त्याने तीन मिनिटं गोल गोल फिरवला होता. तुकड्याचा शेवट जिथे पुन्हा सुरुवातीला जोडला जातो तिथे ठोका अर्धवट तुटत होता. आम्हा कोणाला ते कळलं नाही. पुतण्याला हेडफोनवर कळलं नाही. शुभेच्छांमधलं 'आठवण येते' ज्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं, त्या माणसाला ते पहिल्या मिनिटात कळलं. मागाचा ठोका खालच्या आणि मधल्या पट्टीत वाजतो, तिथले त्यांचे कान शाबूत आहेत. आणि पोटापाण्याचा आवाज माणूस नुसत्या कानाने ऐकत नाही.

मी त्यांना आवाज कसा फिरवला आहे ते समजावून सांगितलं. त्यांना ते ताबडतोब कळलं. माझ्यापेक्षा लवकर.

"मग त्याला सांग, जोड द्यायचा तर ठोक्यावर द्यायचा. मधे दिला तर गाठ दिसते. ताणा जोडताना आम्ही काय करायचो?"

मी पुतण्याला जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "काका, त्यांना विचार, नोकरी करतील का?" तरी मी जोडाच्या फंदात न पडता सरळ खिडकीत फोन ठेवून चार मिनिटांचा सलग आवाज पाठवला. तीन मिनिटांच्या संदेशाला चार मिनिटांचे माग, म्हणजे गाठच नको.

तिसऱ्या आवृत्तीत मजकूरही बदलला. सुरुवातीला नुसतंच "आजोबाऽ, आजीऽ" आणि मग चार सेकंद काही नाही, म्हणजे ज्याला 'कोण' म्हणायचं असेल त्याने म्हणून घ्यावं. प्रत्येक प्रश्नानंतरही तशीच मोकळी जागा. अण्णांच्या गुडघ्याला आठ सेकंद दिली आहेत. मी घड्याळ लावून मोजली होती. आता आठ सेकंद निव्वळ शांतता ठेवली असती तर आईने 'बंद पडलं वाटतं' म्हणून बटणं दाबली असती. म्हणून तेवढ्यापुरते मागचे आवाज जरा वर येतात, झोपाळा कुरकुरतो, अडकित्ता वाजतो, आणि माणूस ऐकत बसलाय असं वाटतं. मंद कौटुंबिक आवाजांचा खरा उपयोग हा, बोलण्याखाली घालण्याचा नव्हेच. त्यांची जागा बोलणं थांबतं तिथे. 'आठवण येते' हे वाक्य मात्र पूर्ण उघड्यावर ठेवलं आहे, मागे काहीही नाही, दोनदा म्हटलं आहे. अण्णांनी ते नीट ऐकलं आणि म्हणाले, "हो, पण येतो कधी?" यासाठीही पाच सेकंद ठेवली होती. पाच सेकंदांत त्याचं उत्तर येत नाही, पण अडकित्ता येतो.

आईची एकच दुरुस्ती राहिली होती. तिसऱ्या शिट्टीनंतर तिचा हात आपोआप ओट्याकडे जायचा. पुतण्याने तिथे गॅसची कळ फिरवल्याचा बारीक 'टक' घातला. आता तिसरी शिट्टी होते, टक होतो, आणि आई "हं" म्हणते.

आमच्या बाजूच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प होते की अण्णांना दुपारची झोप लागत नाही. ते दोन-तीनदा कूस बदलतात, मग बसतात, आणि आतून हाक मारतात, "अरे, सोन्याचे माग लाव जरा." मी लावतो. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "पूर्ण लाव हां, तिसऱ्या शिट्टीपर्यंत. मागच्या शुक्रवारी मधेच बंद केलंस आणि मला दिवसभर गॅस चालू राहिल्यासारखा वाटत होता."